देवगड हापूस, सीझन २०२५: स्टोरी कुठे कामाला आली आणि पोस्ट कुठे (प्रकल्प नोंदी)

८ मार्च

काकांची बाग देवगड तालुक्यात, मी पुण्यात. आंबा गाडीने पुण्याला येतो, इथून घरोघरी जातो. आत्तापर्यंत सगळं फोन आणि ओळखीवर चालायचं, यंदा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप स्टेटस दोन्ही नीट चालवायचं ठरलंय. ज्यांना आपल्या घरचा माल असाच विकायचाय त्यांच्यासाठी या नोंदी. फोटो बागेतून दादा पाठवतो, बाकी माझ्याकडे.

पहिलं काम म्हणजे अकाउंट साधं होतं ते प्रोफेशनल केलं. फुकट आहे, सेटिंगमधून दोन मिनिटात होतं. पण इनसाइट्स बदल केल्यापासूनचेच दिसतात, गेल्या वर्षीच्या स्टोऱ्यांचे आकडे काही मिळाले नाहीत. त्यामुळे विकायला सुरुवात करायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे बदल करून ठेवा म्हणजे तुलनेला काहीतरी हाताशी राहतं. अजून एक, बिझनेस प्रकार निवडला तर स्टोरीला लावायची सिनेमातली बरीचशी गाणी गायब होतात. आम्हाला फरक पडला नाही, आंबा गाण्याशिवाय विकला जातो.

१४ मार्च

ऑर्डर नेमकी कुठून आली हे कळल्याशिवाय स्टोरी भारी की पोस्ट भारी हा वाद फुकटचा आहे. त्यासाठी व्हॉट्सअॅपची लिंकच वेगवेगळी केली. लिंकवर टॅप केलं की आपल्याशी चॅट उघडतं आणि मेसेजच्या जागी आपण ठरवलेला शब्द आधीच टाइप होऊन येतो, समोरच्याने फक्त पाठवायचं.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AMBA-S
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AMBA-B
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AMBA-H
```

एस म्हणजे स्टोरीवरच्या लिंक स्टिकरमधून, बी म्हणजे बायोमधून, एच म्हणजे हायलाइटमधून. पोस्टला वेगळी लिंक का नाही, तर कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती नुसता मजकूर राहते, टॅप होत नाही. पोस्ट बघून आलेला माणूस प्रोफाइलवर जातो आणि बायोतून येतो, म्हणून बी हाच पोस्टचा आकडा धरायचा. काही लोक तो शब्द खोडून स्वतःचं "नमस्कार, आंबे आहेत का" लिहितात, ते हिशोबातून निसटतात, त्याला इलाज नाही.

२२ मार्च

पहिली पोस्ट टाकली. सहा फोटोंची: बाग, तोडणी, पेटीत पेंढा घालून भरणं, वजनानुसार प्रतवारी, पिकवायचं कसं आणि शेवटच्या फोटोवर मोठ्या अक्षरात भाव. डझनाला १२०० पासून. सीझनच्या सुरुवातीला माल कमी असतो, तेव्हा भाव असाच असतो. (त्या शेवटच्या फोटोने पुढे काय केलं ते मे महिन्याच्या नोंदीत.)

त्याच दिवशी स्टोरीचा पाच पानांचा संचही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन, "अगो, सकाळचो फोटो खंय गेलो?" त्यांना वाटलं मी काढून टाकला. चोवीस तासांनी आपोआप जातो म्हणून सांगितलं तर म्हणाले मग एवढा खटाटोप कशाला. प्रश्न बरोबर होता, उत्तर द्यायला आख्खा सीझन लागला.

२५ मार्च

त्या पाच पानांचे आकडे. फॉलोअर साधारण एकोणीसशे. पान १ बघितलं २६२ लोकांनी, पान २ २४९, पान ३ १७१, पान ४ १६८, पान ५ १६५.

दादा म्हणाला तिसरं पान काढून टाक, लोकांना आवडलं नाही. तिसऱ्या पानावर पेट्यांचा फोटो होता, चांगला होता. पण नीट बघितलं तर गळती तिसऱ्याच्या आधी झालीये, माणसं दुसऱ्या पानावरून उठून गेली म्हणून तिसऱ्यापर्यंत पोचलीच नाहीत. प्रत्येक स्टोरीवर खालून वर स्वाइप केलं की नॅव्हिगेशन दिसतं, त्यात चार गोष्टी असतात: पुढे गेले, मागे गेले, दुसऱ्याच्या स्टोरीवर गेले आणि बाहेर पडले. दुसऱ्या पानावर शेवटचे दोन आकडे फुगलेले. आणि तिसऱ्या पानावर "मागे गेले" जास्त, म्हणजे काही जण परत दुसरं पान वाचायला गेले.

दुसऱ्या पानावर मी सगळ्या अटी लिहिल्या होत्या. डिलिव्हरी कुठे, पैसे कधी, आंबा कच्चा येतो, खराब निघाला तर काय, सगळं एका पानावर बारीक अक्षरात. फोटोची स्टोरी काही सेकंदांत आपोआप पुढे सरकते, बोट दाबून धरलं की थांबते पण ते किती जण करतात. एवढा मजकूर त्या वेळात वाचून होत नाही. ज्यांना घ्यायचंच होतं ते मागे येऊन वाचत बसले, बाकीचे गेले.

"पुढे गेले" हा आकडा मात्र कायम सगळ्यात मोठा असतो, त्याने घाबरायचं कारण नाही, वाचून झालं की माणूस टॅप करतोच. बघायचे ते दुसऱ्याच्या स्टोरीवर उडी आणि बाहेर पडणं. अटींचं पान तोडून तीन पानं केली, एका पानावर एकच गोष्ट, आणि मजकूर वरच्या आणि खालच्या पट्टीपासून लांब ठेवला कारण तिथे नाव आणि मेसेजचा चौकोन येऊन अक्षरं झाकली जातात. पुढच्या संचात गळती हळूहळू होत गेली, एका जागी धाडकन नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी गाडी आली. आठ वाजता स्टोरी टाकली, पेट्यांच्या थप्पीचा फोटो आणि वर "आज ४० पेट्या". बारापर्यंत सगळ्या गेल्या. लगेच दुसरी स्टोरी टाकली, "आजचा माल संपला, पुढची गाडी गुरुवारी".

आणि तरी रात्री अकरापर्यंत मेसेज येत होते, ४० मधल्या दोन द्या. आधी वाटलं लोक वाचत नाहीत. तसं नाहीये. स्टोऱ्या टाकलेल्या क्रमाने दिसतात, ज्याने दिवसभरात काहीच बघितलं नाही त्याला संध्याकाळी आधी "४० पेट्या" दिसतं, तो तिथेच लिंकवर टॅप करतो, संपल्याच्या पानापर्यंत येतच नाही. म्हणजे विरून जाणारी गोष्टसुद्धा आपल्या कामाला जास्त टिकते, माल चार तासात संपला आणि स्टोरी अजून वीस तास तशीच.

उपाय एकच, माल संपला की पहिली स्टोरी डिलीट. टाकलेल्या स्टोरीवरचा मजकूर नंतर बदलता येत नाही, काढून परत टाकावी लागते. पण डिलीट केली की तिचे इनसाइट्सही जातात, म्हणून आधी आकड्यांचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि मग काढायची. ही शिस्त लागायला वेळ लागला, पाडव्याचे अर्धे आकडे माझ्याकडे नाहीत.

५ एप्रिल

बघणाऱ्यांच्या यादीबद्दल. स्टोरी कोणी बघितली हे नावानिशी दिसतं, टाकल्यापासून ४८ तासांपर्यंत, त्यानंतर नावं जातात आणि नुसता आकडा राहतो. पोस्टचं असं नाही, पोस्ट नुसती बघून गेलेल्या माणसाचं नाव कधीच कळत नाही, लाइक किंवा कमेंट केली तरच. सेव्ह किती झाल्या ते कळतं, कोणी केल्या ते नाही.

दादाला ही यादी म्हणजे सोन्याची खाण वाटली. रोज स्टोरी बघतात पण ऑर्डर देत नाहीत अशा लोकांना त्याने मेसेज करायला घेतले, "ताई, आंबे पाठवू का?" एकीने उलट विचारलं, मी बघितलं हे तुम्हाला कसं कळलं? आणि अनफॉलो केलं. यादी दिसते हे सगळ्यांना माहीत असतं पण कोणीतरी ती वाचत बसलंय हे समोर आलं की माणूस आवळून घेतो. बंद केलं ते. यादीचा उपयोग आता एकाच कामाला, गेल्या वर्षीचं नेहमीचं गिऱ्हाईक बघतंय का नाही ते पाहायला. दिसत नसेल तर त्यांना सरळ फोन करायचा, तेवढा हक्क आहे.

१३ एप्रिल

व्हॉट्सअॅप स्टेटसचं गणित वेगळंच निघालं. तिथे तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह आणि त्यांचा तुमच्याकडे सेव्ह, दोन्ही असेल तरच स्टेटस दिसतं. यंदा नवीन आलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही आमचं स्टेटस दिसत नव्हतं कारण मी नंबर सेव्हच केले नव्हते, चॅटमधूनच काम चाललं होतं. एक अख्खी दुपार बसून सगळे नंबर "आंबा कोथरूड", "आंबा वाकड" असे भागानुसार सेव्ह केले आणि डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये एक ओळ घातली, "पुढच्या गाडीचं स्टेटस दिसायला हा नंबर सेव्ह करा". ब्रॉडकास्ट लिस्टलाही हीच अट आहे, त्यांनी नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज पोचतच नाही.

दुसरी गंमत म्हणजे एका काकूंची दर गाडीला ऑर्डर यायची, "तुमचं स्टेटस बघितलं" म्हणून, पण यादीत नाव कधीच नाही. त्यांनी निळी टिक बंद केलेली. निळी टिक बंद असेल तर तो माणूस बघणाऱ्यांत मोजला जात नाही, आणि आपली बंद असेल तर आपल्याला कोणीच दिसत नाही. त्यामुळे स्टेटसचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी धरायचा. आणि ती यादी स्टेटसबरोबरच चोवीस तासात जाते, आकडे हवे असतील तर त्याआधी उतरवून ठेवायचे.

२१ एप्रिल

हायलाइट. रोज तेच पाच प्रश्न येतात: पिकायला किती दिवस, फ्रिजमध्ये ठेवू का, पेटीत किती, साका निघाला तर काय, आमच्याकडे पोचवता का. स्टोरीत उत्तर दिलं तर उद्या गायब, म्हणून चांगल्या स्टोऱ्या उचलून "पिकवणे" आणि "ऑर्डर" अशी दोन हायलाइट केली. स्टोरी आर्काइव्हमध्ये सेव्ह होण्याचं सेटिंग चालू असलं तर जुनीही घेता येते.

तीन गोष्टी अडल्या. एक, हायलाइटमधल्या स्टोऱ्या टाकलेल्या तारखेच्या क्रमाने लागतात, जुनी आधी. आमच्यात "कापून खा" आधी आणि "पेंढ्यात ठेवा" नंतर आलं कारण मी तसं टाकलं होतं. क्रम बदलायची सोय सापडली नाही, म्हणून सगळी पानं हव्या त्या क्रमाने एका सकाळी परत टाकली. दोन, आधीच्या स्टोऱ्यांवर लिंक स्टिकर एसचं होतं, टाकल्यावर लिंक बदलत नाही, त्यामुळे हायलाइटमधून आलेली ऑर्डरही स्टोरीच्या खात्यात पडत होती. परत टाकताना सगळीकडे एच लावलं. तीन, परत टाकलेली पानं फॉलोअरना चोवीस तास दिसणारच, त्यांना ती आधी बघितलेली. लगेच डिलीट केली तर हायलाइटमधूनही जाते, हे एका पानावर करून बघितलं. त्या दिवशी बाहेर पडणाऱ्यांचा आकडा वाढला, ते धरून चालायचं.

पिकवायचं जे पान केलं ते सगळ्यात जास्त बघितलं गेलं म्हणून इथे देते: पेटी आल्या आल्या उघडायची, पेंढ्यावर आंबे एकमेकांपासून सुटे लावायचे, रोज हात लावून बघायचं, वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की त्यातला पिकलेला तेवढा उचलायचा. फ्रिज फक्त पूर्ण पिकल्यावर. एका फोटोत हात आणि आंबा, खाली एक ओळ, बस.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सगळ्यात मोठा दिवस. आधीच्या दोन दिवसात रात्री उशिरा टाकलेल्या स्टोऱ्यांपेक्षा सकाळी साडेसातच्या स्टोरीवर ऑर्डर दुप्पट आल्या. त्यावरून सगळ्यांसाठी वेळ ठरवू नका, आमचं गिऱ्हाईक सकाळी चहाबरोबर फोन बघणारं आहे.

आतापर्यंतचा हिशोब केला. एस सगळ्यात जास्त, पण नावं बघितली तर बहुतेक जुनी, नाहीतर आधीच फॉलो करणारी. बी कमी, पण त्यात जवळजवळ सगळी नवीन. २२ मार्चच्या पोस्टचं इनसाइट उघडलं तर पहिल्या दिवशी तीनशेच्या आसपास पोच होती, स्टोरीइतकीच. आता अकराशेच्या वर गेलीये आणि त्यात फॉलो न करणारे निम्म्याहून जास्त. कोणीतरी पिकवण्याच्या फोटोसाठी ती पुढे पाठवत राहिलं, शेअर आणि सेव्हचे आकडे लाइकपेक्षा मोठे आहेत. स्टोरीची पोच दुसऱ्या दिवशी जिथे थांबली तिथेच.

काकांना हे असं सांगितलं की स्टोरी ओळखीच्या घरी रोज जाऊन येते आणि पोस्ट रस्त्यावर पाटीसारखी उभी राहते. ते म्हणाले मग पाटीवर भाव कशाला लिहिलास?

९ मे

काका बरोबर होते. वाकडच्या एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं, "तुमचा १२०० चा भाव बघितला म्हणून दुसरीकडून घेतला." मे महिन्यात माल भरपूर, भाव डझनाला ७०० वर आलेला, रोज स्टोरीत लिहितेय. पण ती फॉलोच करत नाही, तिला मैत्रिणीने मार्चची पोस्ट पाठवलेली. फॉलो न करणाऱ्याला स्टोरी समोर येत नाही, तो प्रोफाइलवर जाऊन मुद्दाम बघेल तरच. असे न विचारता परत गेलेले किती असतील ते कुठल्याच इनसाइटमध्ये दिसत नाही. आता मागे वळून बघितलं तर एक खूण होती: पोस्टची पोच वाढत होती, पोस्टवरून प्रोफाइलला येणारे वाढत होते, पण बीच्या ऑर्डर एप्रिलच्या शेवटापासून तिथेच अडकलेल्या.

पोस्ट डिलीट करायचा विचार होता, पण तीच तर नवीन लोक आणत होती. मग कळलं की एकापेक्षा जास्त फोटोंच्या पोस्टमधला एक फोटो नंतर काढता येतो: एडिट, त्या फोटोवर जायचं, कोपऱ्यातली कचरापेटी. फक्त मागे दोन तरी फोटो उरले पाहिजेत. चुकून काढला तर ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो. लाइक, कमेंट, सेव्ह सगळं तसंच राहतं. फोटो बदलून दुसरा मात्र घालता येत नाही, काढताच येतो. कॅप्शन हवी तेव्हा बदलता येते, तिथे लिहिलं "भाव गाडीगणिक बदलतो, आजचा भाव स्टोरीत किंवा बायोतल्या लिंकवर विचारा".

हायलाइटही तपासली. "ऑर्डर" मध्ये एप्रिलच्या भावाचं एक पान राहिलं होतं. वर बारीक अक्षरात किती आठवडे झाले ते दिसतं पण ते कोणी वाचत नाही. काढलं. आता भाव, किती पेट्या, गाडी कधी हे फक्त स्टोरी आणि स्टेटसवर, हायलाइटमध्ये कधीच नाही.

१७ मे

आठवडाभरात बी पुन्हा हललं. मोठा आकडा नाही, पण सगळी नवीन नावं, आणि दोघांनी पहिल्या मेसेजमध्येच "आजचा भाव काय" विचारलं. एचच्या ऑर्डर मोजक्याच, पण एच आल्यापासून "पिकायला किती दिवस" हा प्रश्न खूप कमी झालाय. हायलाइटचा फायदा ऑर्डरच्या आकड्यात शोधला तर दिसत नाही, माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या तिथे दिसतो.

२६ मे

पाऊस मेमध्येच आला. कोकणात गेले काही दिवस कोसळतोय, काल मान्सूनही देवगडला पोचल्याचं जाहीर झालं. तोडणी बंद, झाडावरचा उरलेला आंबा कॅनिंगला. पुढच्या गाडीसाठी पैसे भरलेली गिऱ्हाइकं होती, त्यांना सगळ्यांना फोन केले, यात स्टोरीवर अजिबात विसंबले नाही. फॉलोअर एकोणीसशे आणि स्टोरी बघणारे अडीचशे हे मार्चपासून दिसतंय, पैशाची गोष्ट अशा ठिकाणी टाकून "सांगितलं होतं" म्हणता येत नाही.

बाकीच्यांसाठी तीन ठिकाणी टाकलं. स्टोरी आणि स्टेटस दोन्ही रोज सकाळी, तीन दिवस. शिवाय "सीझन २०२५ संपला" अशी एका फोटोची पोस्ट, प्रोफाइलवर पिन केलेली, कारण मार्चची पोस्ट अजून फिरतीये आणि तिच्यावरून येणाऱ्याने पहिल्यांदा हेच बघायला पाहिजे. बायोतल्या मजकुरातही तेच.

२ जून

आवराआवर. पाडव्याच्या ऑफरची पोस्ट डिलीट न करता आर्काइव्ह केली, पुढच्या वर्षी लाइक-कमेंटसकट परत काढता येईल. "ऑर्डर" हायलाइट काढलं, त्यातली पानं आर्काइव्हमध्ये राहतात त्यामुळे मार्चमध्ये परत जुळवता येईल, फक्त तेव्हा डिलिव्हरीचे पिनकोड तपासायचे. "पिकवणे" तसंच ठेवलं. बायोची लिंक चालू आहे आणि त्यातून आलेल्या प्रत्येकाचा नंबर "आंबा २६" म्हणून सेव्ह करतेय, काल दोन आले.